दहा टक्के गेले कुठे? – घाऊक व्यापाऱ्याचा भावपत्रक-हिशेब



सांगलीच्या गणपती पेठेत सुकामेव्याचा घाऊक व्यापार करणारा एक तरुण गेल्या महिन्यात माझ्याकडे आला. त्याच्या वडिलांचे कॅश क्रेडिट खाते मी शाखेत असताना आमच्याकडेच होते. नमस्कार करून समोर बसला आणि म्हणाला, ‘‘काका, माल तर खपतो. साताऱ्याला आठवड्याला टेम्पो जातो. प्रत्येक पेटीवर दहा टक्के लावतो. तरी महिनाअखेरीस खात्यात काही उरत नाही. चोरी नाही, माल खराब होत नाही. मग दहा टक्के जातात कुठे?’’

मी त्याला एकच पेटी निवडायला सांगितली. त्याने बेदाण्याची पंधरा किलोची पेटी निवडली. ती साताऱ्याच्या दुकानदारापर्यंत पोहोचून तिचे पैसे परत येईपर्यंतचा हिशेब आम्ही दोघांनी एक्सेलमध्ये मांडला. तोच हिशेब आज येथे देत आहे. आकडे समजण्यास सोपे जावेत म्हणून पूर्णांकात घेतले आहेत. आजच्या सौद्यातील भाव वेगळे असतील, मात्र पद्धत तीच राहील.

टक्के, पण कशावर?

त्याची रीत अशी होती. पेटीची खरेदी ३,००० रुपये, कर वेगळा. त्यावर दहा टक्के चढवून भाव ३,३०० रुपये, आणि त्यावर जी.एस.टी. पाच टक्के. साताऱ्याचा दुकानदार बिलावर पाच टक्के सूट घेतो, माल दुकानपोच मागतो आणि पैसे दीड महिन्याने देतो. ‘‘दहातून पाच सुटीत गेले, तरी पाच राहतातच,’’ असा त्याचा समज होता.

येथे पहिली गफलत आहे. दहा टक्के चढवले ते ३,००० वर, आणि पाच टक्के सूट दिली ती ३,३०० वर. दोन टक्क्यांचा पाया वेगळा असल्यामुळे त्यांची सरळ वजाबाकी होत नाही. ३,३०० वर पाच टक्के सूट म्हणजे १६५ रुपये. निव्वळ विक्री ३,१३५ रुपये झाली. म्हणजे चढवलेल्या ३०० पैकी १३५ रुपयेच उरले, आणि भाडे-हमाली अजून द्यायचीच आहे.

बँकेत आम्ही मालाच्या तारणावर पंचवीस टक्के मार्जिन ठेवतो, म्हणजे शंभर रुपयांच्या मालावर पंचाहत्तर रुपये कर्ज देतो. ते मार्जिन मालाच्या किमतीतून कमी करतात, कर्जाच्या रकमेवर चढवत नाहीत. व्यापारातही नफ्याचे प्रमाण विक्रीवर काढावे, कारण सूट, दलाली आणि उधारीचे व्याज हे सारे विक्रीच्या रकमेवरच मोजले जाते. खरेदीवर पंचवीस टक्के चढवले, तर विक्रीवर ते वीस टक्केच होतात. शंभराचा माल सव्वाशेला गेला, त्यात पंचवीस नफा, आणि सव्वाशेत पंचवीस म्हणजे पाचवा हिस्सा. चढवणूक आणि नफ्याचे प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या शीटमध्ये ‘नफा टक्के’ म्हटले की तो विक्रीवरचाच धरायचा, हे आधी ठरवून टाकले.

शीटची मांडणी

शीटच्या A रकान्यात नावे आणि B रकान्यात आकडे. वरच्या आठ ओळी हाताने भरायच्या आणि त्यांना फिकट पिवळा रंग द्यायचा. बाकीच्या ओळी सूत्रांनी भरतात, त्यांना हात लावायचा नाही.

B2 मध्ये पेटीची खरेदी, कर सोडून: ३,०००. B3 मध्ये खरेदी गोदामात येईपर्यंतचे भाडे व हमाली: ३०. B4 मध्ये साताऱ्यापर्यंतचे भाडे, एका पेटीमागे: ६०. B5 मध्ये सूट: ५%. B6 मध्ये जी.एस.टी.: ५%. B7 मध्ये उधारीचे दिवस: ४५. B8 मध्ये बँकेचा व्याजदर: १२%. B9 मध्ये विक्रीवर हवा असलेला नफा: ५%.

खरेदी कर सोडून का घ्यायची, हे त्याने विचारले. पेटीमागे भरलेले १५० रुपये पुढच्या विक्रीच्या करातून वळते होतात, म्हणून तो खर्च नव्हे. पण ही वळती तेव्हाच मिळते, जेव्हा विकणाऱ्याने आपले बिल त्याच्या विवरणपत्रात दाखवले असेल आणि ते आपल्या २बी विवरणात दिसत असेल. ते दिसत नसेल, किंवा विकणारा कंपोझिशन योजनेतील असेल, तर वळती नाही. अशा वेळी बिलाची पूर्ण रक्कमच B2 मध्ये भरावी. शेतकऱ्याकडून थेट घेतलेल्या बेदाण्यावर कर लागत नाही, हे जी.एस.टी. परिषदेने डिसेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. तेथे वळती नाही आणि करही नाही, दिलेली रक्कम हीच खरेदी.

उधारीचे व्याज, जे बिलात दिसत नाही

बँकेतील माणूस असल्यामुळे माझे लक्ष आधी सातव्या आणि आठव्या ओळीकडे गेले. त्याच्या कागदावर त्या नव्हत्याच. पंचेचाळीस दिवस पैसे दुकानदाराकडे असतात, आणि तेवढे दिवस आपल्या कॅश क्रेडिट खात्यावर व्याज चालू असते. हे व्याज बिलाच्या पूर्ण रकमेवर धरावे, करासह. कारण दर महिन्याचे विवरण भरणाऱ्याला विक्रीवरचा कर पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत सरकारात जमा करावा लागतो, दुकानदाराने पैसे दिले असोत वा नसोत. म्हणजे बहुतेक वेळा कराची रक्कमही आपल्याच खिशातून आधी जाते.

आता खालची सूत्रे:

```
B11  =B2+B3+B4
B12  =(1+B6)*B8*B7/365
B13  =B11/(1-B9-B12)
B14  =CEILING(B13/(1-B5),5)
```

B11 हा पेटीचा एकूण खर्च, ३,०९० रुपये. B12 हा निव्वळ विक्रीच्या दर रुपयामागे व्याजाचा भाग, सुमारे दीड पैसा. B13 ही सूट वजा जाता आपल्याला मिळायलाच हवी अशी रक्कम. येथे खर्चात टक्के मिळवलेले नाहीत, तर एकातून नफा आणि व्याज वजा करून उरलेल्याने खर्चाला भागले आहे. याचे कारण वर सांगितले: दोन्ही टक्के विक्रीवरचे आहेत. उत्तर येते ३,३०६ रुपये ७० पैसे. B14 मध्ये त्याला पुन्हा सुटीच्या उरलेल्या भागाने, म्हणजे ०.९५ ने, भागले आणि पाचच्या पटीत वर नेले. भावपत्रकातील भाव आला ३,४८५ रुपये.

तो भाव पाहून तो जरा गप्प झाला. ‘‘काका, ३,३०० ला द्यायचो मी.’’

उलट तपासणी

म्हणून शीटचा दुसरा भाग आवश्यक आहे. वरचा भाग सांगतो की भाव किती असायला हवा. खालचा भाग सांगतो की बाजारात प्रत्यक्ष मिळणाऱ्या भावात आपल्या हाती काय उरते. B16 मध्ये मिळणारा भाव हाताने भरायचा.

```
B17  =B16*(1-B5)
B18  =ROUND(B17*B6,2)
B19  =B17+B18
B20  =B19*B8*B7/365
B21  =B17-B11-B20
B22  =B21/B17
```

B17 निव्वळ विक्री, B18 कर, B19 दुकानदाराने द्यायचे बिल, B20 उधारीचे व्याज, B21 उरलेली रक्कम आणि B22 तिचे विक्रीवरचे प्रमाण.

B16 मध्ये ३,३०० भरले. निव्वळ विक्री ३,१३५. त्यातून खर्च ३,०९० गेला, उरले ४५. व्याज ४८ रुपये ७० पैसे. B21 मध्ये आकडा आला उणे ३ रुपये ७० पैसे. दहा टक्के नफ्याची समजलेली पेटी प्रत्यक्षात पावणेचार रुपये तोट्यात जात होती.  माल खपत होता आणि खात्यात काही उरत नव्हते, याचा उलगडा झाला.

मग B16 मध्ये ३,४८५ भरले. निव्वळ विक्री ३,३१० रुपये ७५ पैसे, कर १६५ रुपये ५४ पैसे, बिल ३,४७६ रुपये २९ पैसे. व्याज ५१ रुपये ४३ पैसे जाऊन उरले १६९ रुपये ३२ पैसे, म्हणजे विक्रीवर पाच टक्क्यांहून किंचित अधिक. वरचा आणि खालचा भाग एकमेकांशी जुळले. सूत्रे बरोबर आहेत याची हीच खूण. B14 मधील भाव B16 मध्ये भरल्यावर B22 मध्ये B9 च्या जवळचा, पण त्याहून कमी नसलेला आकडा यायला हवा. तो आला नाही, तर कुठेतरी सूत्र मोडले आहे.

येथे एक मर्यादा लक्षात ठेवावी. B21 मधील रक्कम हा अखेरचा नफा नव्हे. गोदामाचे भाडे, मेहताजींचा पगार, वीज आणि प्राप्तिकर अजून त्यातूनच जायचे आहेत. म्हणून B9 मध्ये किती टक्के मागायचे, हे ठरवताना वर्षाचा हा स्थिर खर्च वर्षाच्या विक्रीने भागून पाहावा आणि त्याहून जास्त मागावे.

भाडे पेटीवर नव्हे, टेम्पोवर असते

B4 मधील ६० रुपये कोठून आले, हे मी विचारले. टेम्पोचे भाडे १,५०० रुपये आणि पेट्या पंचवीस, असा तो हिशेब होता. पण प्रत्येक आठवड्याला पंचवीस पेट्या जातातच असे नाही. म्हणून B4 मध्ये ६० हा आकडा ठेवला नाही. बाजूच्या D2 मध्ये टेम्पोचे भाडे, D3 मध्ये पेट्यांची संख्या आणि B4 मध्ये हे सूत्र:

```
B4  =D2/D3
```

B16 मध्ये ३,४८५ हाच भाव ठेवून D3 मध्ये दहा भरले. पेटीमागे भाडे दीडशे झाले, आणि उरलेली रक्कम १६९ वरून ७९ रुपयांवर आली. सात पेट्या भरल्या तर पंधरा रुपये उरतात. सहा भरल्या की वीस रुपयांहून अधिक तोटा. अशा रीतीने त्याला प्रथमच आकड्यात कळले की स्वतंत्र टेम्पो करायचा असेल, तर सहा पेट्यांच्या मागणीवर तो पाठवूच नये. एक तर ती मागणी पुढच्या फेरीसाठी थांबवावी, किंवा कराडच्या मागणीबरोबर जोडावी, किंवा भाडे वेगळे लावावे.

भाडे बिलात वेगळे लावताना एक गोष्ट विसरू नये. माल पोचवण्यासाठी विक्रेत्याने आकारलेले भाडे हे जी.एस.टी. कायद्यानुसार मालाच्या मूल्याचाच भाग धरले जाते, आणि मालाचाच दर त्याला लागतो. बेदाण्याच्या बिलात ६० रुपये भाडे दाखवले, तर त्यावर पाच टक्के कर येईल, म्हणजे दुकानदाराला ६३ पडतील. शिवाय सुटीचे टक्के अशा भाड्यावर देऊ नयेत. दुकानदार पूर्ण बिलावर सूट कापत असेल, तर भाड्यातलेही तीन रुपये कापले जातात.

सूट बिलातच दाखवा

बिलातच दाखवलेली सूट करपात्र मूल्यातून वजा होते, म्हणून B17 मध्ये सूट वजा केल्यावरच कर लावला आहे. काही व्यापारी मात्र बिल पूर्ण भावाने करतात आणि महिनाअखेरीस दुकानदाराला रोख किंवा साध्या पावतीने सूट देतात. अशी सूट दिली तरी बिलावरचा कर कमी होत नाही, तो पूर्ण रकमेवर सरकारात गेलेला असतो. विक्रीनंतर दिलेल्या सुटीचा कर कमी करून घेण्यास कायद्याच्या अटी आहेत. तशी रीत असेल, तर आपल्या कर सल्लागाराला विचारूनच क्रेडिट नोट करावी. शक्यतो ठरलेली सूट बिलावरच यावी, हे सोपे आणि हिशेबाला स्वच्छ.

सातारा-सांगलीत विकताना केंद्राचे अडीच आणि राज्याचे अडीच असा कर दिसतो, आणि निपाणी किंवा बेळगावला माल गेला की पाच टक्के आय.जी.एस.टी. दिसतो. बेरीज तीच असते, त्यामुळे आपल्या शीटमध्ये फरक पडत नाही.

कराचा दर सूत्रात लिहू नका

त्याच्या जुन्या फाइलमध्ये बदामाच्या ओळीत भाव काढण्यासाठी `*1.12` असे थेट लिहिले होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून जी.एस.टी.चे दर बदलले. बदाम, पिस्ता, खजूर, अंजीर यांवरील बारा टक्के पाच झाले. बेदाण्यावर आधीही पाचच होते. त्याने बहुतेक ओळी दुरुस्त केल्या आणि दोन राहून गेल्या. त्या दोन मालांचे भावपत्रक महिनाभर जुन्या कराने फिरले, आणि एका दुकानदाराने ते दाखवून दिले.

म्हणून दुसऱ्या शीटला `Rates` असे नाव दिले. तेथे A रकान्यात मालाचे नाव आणि B रकान्यात कराचा दर. मुख्य यादीत मालाचे नाव A2 मध्ये असेल, तर दर असा आणावा:

```
=VLOOKUP(A2,Rates!$A$2:$B$200,2,FALSE)
```

शेवटचा `FALSE` हा शब्द वगळू नये. तो असला, तर नेमके तेच नाव सापडल्यावरच दर येतो, आणि न सापडल्यास `#N/A` दिसते. तो वगळला, तर एक्सेल जवळचे नाव शोधते आणि भलत्याच मालाचा दर बिनबोभाट देते. चूक दिसणे हे चूक लपण्यापेक्षा केव्हाही बरे. दर बदलला की एकाच ठिकाणी बदलावा. मात्र जुनी फाइल त्या तारखेच्या नावाने वेगळी जतन करावी, म्हणजे जुन्या बिलांचा मेळ घालताना जुनेच दर हाती असतात.

दोन चुका, ज्या मी तेथेच पाहिल्या

तो निघण्यापूर्वी मी त्याला स्वतः आकडे भरायला लावले. सुटीच्या सेलला टक्क्याचे रूप दिलेले नव्हते, आणि त्याने त्यात ५ असे भरले. एक्सेलला ते पाच नव्हे, पाचशे टक्के वाटले, आणि भाव उणे आला. उणे आला म्हणून लक्षात तरी आले. जी.एस.टी.च्या सेलमध्ये असे झाले असते, तर कदाचित आकडा फक्त विचित्र दिसला असता. म्हणून B5, B6, B8 आणि B9 या सेलना `Data Validation` लावून ० ते ०.४ च्या बाहेरचा आकडा स्वीकारायचाच नाही, असे करून ठेवले.

दुसरी चूक व्हॉट्सॲपवरून आलेला भाव चिकटवताना झाली. ‘3000/-’ असे त्याने जसेच्या तसे B2 मध्ये टाकले. तो एक्सेलला आकडा नव्हे, मजकूर वाटतो, आणि सेलमध्ये डाव्या बाजूला चिकटून दिसतो. B11 मध्ये `#VALUE!` आले. याचसाठी मी तेथे `SUM` वापरले नाही. `SUM` अशा मजकुराला गुपचूप वगळते आणि ९० रुपये खर्च दाखवून मोकळे होते. अधिकची खूण असलेले सूत्र मात्र थांबून ओरडते.

दोन आठवड्यांनी त्याचा फोन आला. साताऱ्याच्या दुकानदारांना त्याने सारे भाव एकदम चढवून सांगितले नव्हते. उधारी पंधरा दिवसांवर आणणाऱ्याला सूट पूर्ववत पाच टक्के, आणि पंचेचाळीस दिवस घेणाऱ्याला चार टक्के, अशी रीत त्याने सुरू केली. मी त्याला फोनवरच विचारले, ‘‘B7 मध्ये पंधरा भरून पाहिलेस का?’’

‘‘पाहिले, काका. ३,४८५ च्या भावात व्याज पेटीमागे १७ रुपये झाले. म्हणजे चौतीस रुपये वाचतात. एक टक्का सूट पस्तीस रुपयांची होते. पारडे जवळजवळ सारखेच.’’

सूट किती द्यायची आणि उधारी किती दिवसांची, हे दोन वेगळे प्रश्न नसून एकाच तराजूची दोन पारडी आहेत, हे त्याला आता मी सांगण्याची गरज उरली नव्हती.